डिस्प्लेवरचा आकडा नेमकं काय सांगतो?

ई-सायकलच्या डिस्प्लेवर 08 झळकला म्हणजे मोटर जळाली असं नव्हे, आणि 06 आला म्हणजे बॅटरी मेली असंही नव्हे. हा आकडा बिघडलेल्या भागाचं नाव सांगत नाही. कंट्रोलरला कुठल्या तारेवरून भलताच सिग्नल मिळाला, एवढंच तो सांगतो. त्या तारेच्या एका टोकाला कंट्रोलर असतो, दुसऱ्या टोकाला मोटर, बॅटरी किंवा ब्रेक, आणि मध्ये दोन-तीन जोड. बिघाड या वाटेवर कुठेही असू शकतो. पाणी, धूळ आणि धक्के सर्वांत जास्त सोसतात ते हे जोडच, म्हणून शोध तिथूनच सुरू केलेला बरा. आकडा बघून घाबरून नवी बॅटरी घेण्याआधी घरच्या घरी दहा-पंधरा मिनिटं तपासणी केली, तर पुढचा मोठा खर्च टळू शकतो. खर्च टळला नाही, तरी मिस्त्रीचं काम सोपं होतं.

त्याआधी एक सावधगिरी. हे आकडे सगळ्या गाड्यांवर सारखे नसतात. बाफांग ही चिनी कंपनी जगभरच्या सायकल कंपन्यांना मोटरी पुरवते. तिच्या यादीत 06 म्हणजे व्होल्टेज फार खाली आलं. कुंटेंग या दुसऱ्या चिनी कंपनीच्या कंट्रोलरवर तोच 06 मोटर किंवा कंट्रोलरमध्ये शॉर्ट झाल्याचं सांगतो. एकाची यादी दुसऱ्याच्या गाडीला लावली, तर माणूस बॅटरी तपासत बसतो आणि दोष राहतो मोटरच्या तारांत. म्हणून आपल्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेतल्या कोडच्या पानाचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवावा. पुस्तिका हरवली असेल, तर डिस्प्लेच्या मागे छापलेला मॉडेल नंबर टिपून विक्रेत्याकडून यादी मागून घ्यावी. या लेखात मी बाफांगचे आकडे धरले आहेत. त्यामागचा विचार मात्र कुठल्याही गाडीला लागू पडतो.

पहिली तपासणी अगदी साधी आहे. गाडी बंद करा, स्टँडवर उभी करा, मिनिटभर थांबा. मग हँडलवरचा हात आणि पेडलवरचा पाय पूर्ण काढून घ्या आणि तेव्हाच चालू करा. चालू होताच कंट्रोलर थ्रॉटल जागेवर आहे का ते बघतो. त्या क्षणी थ्रॉटल थोडा जरी पिळलेला असेल, तर तो मोटरला वीज देत नाही आणि 04 किंवा 05 दाखवतो. ही खबरदारी योग्यच आहे, नाहीतर चालू करताच गाडी पुढे उसळेल. ज्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो, त्यांच्यात पेडलवर पाय ठेवून चालू केलं तरी अशीच चूक होते. सेन्सर त्या क्षणीच्या जोराला शून्य धरायला निघतो आणि त्याचं माप बिघडतं. शिमानोच्या सायकलींवर यासाठी W013 असा वेगळा इशाराच आहे. हात-पाय काढून पुन्हा चालू केलं की तो जातो. थ्रॉटलवरची रबरी मूठ सरकून ब्रेक लिव्हरच्या कड्याला घासत असेल, तर थ्रॉटल पूर्ण मागे फिरत नाही. मूठ दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढली की काम होतं.

आता 08 बघू. चाकाच्या मधोमध असलेल्या हब मोटरच्या पोटात हॉल सेन्सर नावाचे तीन बारीक तुकडे असतात. चुंबक जवळून गेला की त्यांचा सिग्नल बदलतो. तिघांचं मिळून कंट्रोलरला कळतं की चाक या क्षणी कुठल्या स्थितीत आहे आणि मोटरच्या तीन जाड तारांपैकी कुणाला वीज द्यायची. प्रत्येक सेन्सर चालू किंवा बंद असे दोनच निरोप देऊ शकतो, म्हणजे तिघांचे मिळून आठ प्रकार होतात. पण त्यांची मांडणी अशी असते की चाक फिरताना त्यातले सहाच प्रकार येतात. तिघेही एकदम चालू किंवा तिघेही एकदम बंद ही स्थिती ठाकठीक मोटरमध्ये येतच नाही. ती आली की कंट्रोलर समजतो की कुठलीतरी तार तुटली किंवा ओली झाली, आणि 08 दाखवून मोटर थांबवतो.

म्हणजे 08 साठी सेन्सरच जळायला हवा असं नाही. त्याची तार कंट्रोलरपर्यंत पोचत नसली तरी पुरे. मागच्या चाकाचं पंक्चर काढून आणल्यावर लगेच 08 आला, तर संशय थेट मोटरच्या कनेक्टरवर घ्यावा. चाक काढण्यासाठी पंक्चरवाला हा गोल, बोटभर जाडीचा कनेक्टर सोडवतो. तो परत बसवताना दोन्ही तुकड्यांवरचे बाण समोरासमोर यायला लागतात. बाण न जुळवता दाबला, तर आतली पिन वाकते. कनेक्टर सोडवताना पिळू नये, दोन्ही तुकडे धरून सरळ ओढावेत. मग उजेडात आत बघावं. पिना सरळ रांगेत आहेत का, एखादी खाली दबली आहे का, हिरवट थर चढला आहे का, पाण्याचा थेंब आहे का? पाणी असेल तर कोरड्या कापडाने टिपून कनेक्टर रात्रभर उघडा ठेवावा आणि मगच जोडावा. पिन वाकली असेल, तर ती सुईने सरळ करायच्या भानगडीत पडू नये. ती तुटली तर पूर्ण केबल बदलावी लागते. फोटो काढून मिस्त्रीला दाखवावा.

चाक काढल्यावर आणखी एक गडबड होते. हब मोटरचा आस चाकाबरोबर फिरू नये म्हणून त्यावर दातेरी किंवा चपट्या कडेचा एक खास वॉशर असतो. तो उलटा लागला किंवा नट ढिला राहिला, तर मोटरच्या जोरानं आसच फिरतो आणि आसाच्या टोकातून बाहेर पडणारी केबल पिळवटून कापली जाते. आसापाशी केबलला नवी मुरड किंवा काप दिसला, तर गाडी चालवून बघू नये. आत जाड तारा एकमेकींना टेकल्या तर कंट्रोलरही जातो. असा काप दिसला की घरची तपासणी थांबवावी.

21 हा वेगमापक सेन्सरचा कोड मात्र बऱ्याचदा घरच्या घरी सुटतो. बऱ्याच सायकलींत आऱ्यावर एक छोटा चुंबक आणि फ्रेमवर सेन्सर असतो. चुंबक सरकून आऱ्याभोवती फिरला की सेन्सरला चाक फिरतंय हे कळत नाही. चुंबक सेन्सरच्या समोर, काही मिलिमीटर अंतरावर आणून घट्ट करावा. बॉशच्या सायकलींवर हेच दुखणं 503 या आकड्यानं येतं. 30 म्हणजे डिस्प्ले आणि कंट्रोलर यांच्यातला संवाद तुटलेला. तिथेही आधी हँडलपाशी असलेला पातळ केबलचा कनेक्टर वर सांगितल्या पद्धतीनंच बघायचा.

सर्वांत जास्त गैरसमज 06 बद्दल आहेत, आणि पैसाही तिथेच सर्वांत जास्त जातो. म्हणून तिथे जरा थांबू.

साताऱ्यातल्या एका शिक्षिकेची गोष्ट. त्यांच्याकडे ३६ व्होल्टची, मागच्या चाकात मोटर असलेली ई-सायकल आहे. शाळेतून घरी येताना शेवटी एक खडा चढ लागतो. काही दिवसांपासून त्या चढावर गाडी अचानक ओढेनाशी व्हायची आणि डिस्प्लेवर 06 यायचा. बॅटरीच्या पाचपैकी तीन रेघा तेव्हा शिल्लक असायच्या. बंद करून चालू केलं की कोड जायचा, सपाट रस्त्यावर गाडी नीट चालायची, आणि सकाळी पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर तोच चढ काही त्रास न होता पार व्हायचा. एका दुकानात त्यांना सांगितलं गेलं, "मॅडम, सेल गेलेत, बॅटरीच बदला." बॅटरी हा ई-सायकलचा सर्वांत महागडा भाग. त्यांनी ते लगेच ऐकलं नाही, हे बरं झालं.

३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर प्रत्येक गट ४.२ व्होल्टवर असतो, म्हणजे एकूण ४२ व्होल्ट. ३६ हा आकडा सरासरीचा आहे. अशा गाडीचा कंट्रोलर साधारण ३१ व्होल्टच्या आसपास थांबतो, नाहीतर सेल गरजेपेक्षा जास्त रिकामे होऊन कायमचे खराब होतात. आता गाडी उभी असताना बॅटरी ३६.५ व्होल्ट दाखवते असं धरा, म्हणजे ती जवळजवळ अर्धी भरलेली आहे. चढावर मोटर १२ अँपिअर ओढते. एवढा प्रवाह जाताना चांगल्या बॅटरीचंही व्होल्टेज दोन-अडीच व्होल्टनं खाली येतं. ते ३४ झालं तरी चिंता नाही. पण वाटेत एखादा जोड काळवंडला असेल आणि त्याचा विरोध ०.३ ओहम झाला असेल, तर १२ गुणिले ०.३, म्हणजे आणखी ३.६ व्होल्ट तिथेच गळतात. कंट्रोलरपाशी पोचतात जेमतेम ३०.४ व्होल्ट. कंट्रोलरला बॅटरी दिसत नाही, त्याला फक्त आपल्या दाराशी आलेलं व्होल्टेज दिसतं. तो 06 दाखवून थांबतो. मोटर थांबली की प्रवाह थांबतो, गळती थांबते, व्होल्टेज पुन्हा वर येतं आणि रेघाही परत येतात.

शिक्षिकेच्या सायकलची सगळी लक्षणं यात बसतात. भरलेल्या बॅटरीवर गळती धरूनही व्होल्टेज ३५ च्या आसपास राहतं, म्हणून सकाळी त्रास नाही. सपाट रस्त्यावर प्रवाह कमी, म्हणून गळती कमी. पण घसरलेल्या सेलमुळेही अशीच लक्षणं दिसू शकतात. दोन्हींत फरक कसा करायचा?

त्यांच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनं बॅटरी तिच्या पाळण्यातून काढली आणि आधी मीटर न लावता टॉर्च लावला. बॅटरीच्या बुडाशी दोन जाड पितळी पात्या असतात, पाळण्यातल्या दोन चपट्या पिना त्यांत जाऊन बसतात. त्यांपैकी एका पिनेचा रंग तांबूस-काळा झाला होता आणि भोवतालचं प्लास्टिक किंचित फुगून चकाकत होतं. पाळणा फ्रेमवर ज्या स्क्रूंनी बसतो, त्यातला एक ढिला होता. खड्ड्यांतून जाताना बॅटरी हलायची, पिन पातीत घासायची, ठिणगी पडायची आणि काजळी जमायची. काजळीनं विरोध वाढतो, विरोधानं उष्णता वाढते, उष्णतेनं पाती सैल पडते. १२ अँपिअर आणि ०.३ ओहमला ही उष्णता ४३ वॅटपर्यंत जाते, म्हणजे सोल्डर करायच्या छोट्या इस्त्रीपेक्षा जास्त, आणि तीही चिमूटभर जागेत.

त्यानंतर मीटर लावला. रात्रभर चार्ज करून बॅटरी ४१.७ व्होल्ट दाखवत होती. हे चांगलं लक्षण होतं. एखादा गट कमजोर होऊन बाकीच्यांपासून फटकून वागायला लागला, तर चार्जिंगच्या वेळी कुठलातरी गट आधी भरतो, आतला बीएमएस तिथेच चार्जिंग तोडतो, आणि चार्जरचा दिवा हिरवा झाला तरी एकूण व्होल्टेज ४० च्या आसपासच अडकतं. इथे तसं नव्हतं. मिस्त्रीनं पाळण्याची पिनांची पट्टी आणि बॅटरीकडची पाती बदलली, स्क्रू घट्ट केले, आणि अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर तोच चढ चढवून बघितला. 06 आला नाही.

पूर्ण चार्ज झाल्यावर व्होल्टेज बरोबर दिसतं एवढ्यावरून बॅटरी ठणठणीत आहे असं मात्र म्हणता येत नाही. सगळे सेल एकसारखे म्हातारे झाले असतील, तर उभ्या गाडीत तेही ४२ व्होल्ट दाखवतात आणि ओझं पडलं की कोसळतात. ते ओळखायला ओझ्याखाली व्होल्टेज मोजावं लागतं. ज्यांच्या डिस्प्लेवर व्होल्ट दिसतात, त्यांना हे सहज करता येतं. चढावर आकडा किती खाली येतो, एवढं बघून लिहून ठेवायचं. बाकीच्यांनी ते मिस्त्रीवर सोपवावं.

घरी मीटर लावायचा असेल, तर तो डीसी व्होल्टच्या २०० च्या खुणेवर ठेवावा, हातातली अंगठी-कडं काढावं, आणि मीटरची दोन टोकं बॅटरीच्या तोंडाशी एकमेकांना टेकू देऊ नयेत. ३६ व्होल्टचा झटका सहसा बसत नाही, पण टोकं टेकली तर ठिणगीनं धातू वितळतो. ६० आणि ७२ व्होल्टच्या स्कूटरच्या बॅटरीला घरी मीटर लावूच नये. ६० व्होल्टचा पॅक पूर्ण भरल्यावर ६७ च्या आसपास जातो आणि तिथे झटक्याचा धोका खरा असतो.

कोड न येता संपूर्ण डिस्प्लेच काळा पडला, तर गोष्ट वेगळी आहे. 06 दाखवायला कंट्रोलर आणि डिस्प्ले जिवंत लागतात. सगळंच एकदम विझलं, तर वीज बॅटरीच्या आतून तुटली असण्याची शक्यता जास्त. बीएमएसला एखाद्या गटाचं व्होल्टेज फार खाली गेलेलं दिसलं, प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा पॅक तापला, तर तो न सांगता दार बंद करतो. काही पॅक थोड्या वेळानं आपोआप उघडतात, काहींना चार्जर लावावा लागतो. चढावर डिस्प्ले वारंवार काळा पडत असेल आणि पूर्ण चार्जनंतरही व्होल्टेज ४२ पर्यंत जात नसेल, तर कमजोर गटाचा संशय पक्का होतो. त्याआधी बॅटरी नीट खटका वाजून बसली आहे का आणि तिचा फ्यूज उडाला नाही ना, एवढं बघून घ्यावं.

ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, लायसन्स न लागणाऱ्या साध्या स्कूटरांवर बऱ्याचदा आकडा येतच नाही. डिस्प्लेवर मोटर किंवा रेंचचं चित्र लागतं, नाहीतर सगळे दिवे लागतात आणि गाडी मात्र हलत नाही. अशा वेळी आधी मागचा ब्रेक लाइट बघावा. लिव्हर दाबलेला नसताना तो लागलेला असेल, तर ब्रेकचा कट-ऑफ स्विच अडकलाय. ब्रेक दाबला की मोटरची वीज तोडण्यासाठीच हा स्विच असतो आणि कंट्रोलरला वाटतं की ब्रेक दाबलेलाच आहे. पावसाळ्यात लिव्हरच्या खोबणीत चिखल साचून हे फार होतं. लिव्हर चार-पाच वेळा झटकून सोडावा, कापडानं पुसावा. मग साइड स्टँडचा सेन्सर आणि P चं बटण बघावं. सीटखालचा एमसीबी पडला असेल तर तो एकदा वर करावा. लगेच पुन्हा पडला तर तिथेच थांबावं, कारण कुठेतरी शॉर्ट आहे. कंपन्यांच्या मोठ्या, ॲपशी जोडलेल्या स्कूटरांचे कोड त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या उपकरणावरच पूर्ण वाचता येतात. तिथे मालकाचं काम इशाऱ्याचा फोटो काढण्यापुरतंच.

काही खुणा दिसल्या की मात्र तपासणी नको आणि चार्जिंगही नको. बॅटरीचं कवच फुगलेलं असणं, गाडी उभी असतानाही पॅक गरम लागणं, सॉल्व्हंटसारखा गोडसर वास, फुसफुस आवाज किंवा धूर. २०२२ मध्ये देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं. ही मानकं पुण्याची एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते. पॅकच्या आत धोकादायक उष्णता किंवा वायू निर्माण झाला, तर चालकाला आवाजानं आणि दिव्यानं इशारा मिळावा, अशी तरतूद त्यात आली. स्कूटरनं असा इशारा दिला, तर गाडी मोकळ्या जागी उभी करून लांब व्हावं आणि धूर दिसला तर अग्निशमन दलाला फोन करावा. बॅटरी उचलून घरातून बाहेर न्यायचा प्रयत्न करू नये. पॅक पेटला की तो हातातच भडकू शकतो. साधी गरम झालेली बॅटरीही लगेच चार्जिंगला लावू नये. उन्हातून आल्यावर ती अर्धा-एक तास सावलीत ठेवावी.

बॅटरीचा डबा घरी उघडू नये, मग सील तुटो वा न तुटो. आतल्या गटांवर कव्हर नसतं आणि एक निसटलेला स्क्रू दोन पट्ट्यांना जोडायला पुरेसा असतो. मोटरचं झाकणही तसंच.

मिस्त्रीकडे किंवा सर्व्हिस सेंटरला जाताना कोड आठवणीत ठेवून भागत नाही. येतो-जातो असा दोष सर्वांत अवघड असतो, कारण दुकानात गाडी सपाट जागेवर, कोरडी आणि भरलेल्या बॅटरीवर उभी असते. म्हणून कोड दिसताच डिस्प्लेचा व्हिडिओ काढावा आणि त्यातच तोंडानं सांगावं: चढ आहे की सपाट, पेडल असिस्ट कितीवर आहे, बॅटरीच्या किती रेघा आहेत, पाऊस पडला का, गाडी धुतली का, गेल्या काही दिवसांत चाक काढलं होतं का. प्रेशरच्या पाइपनं गाडी धुतली असेल तर तेही सांगावं, कारण त्या दाबानं पाणी बंद कनेक्टरच्या रबरापलीकडेही जातं. बॅटरीबरोबर चार्जरही न्यावा आणि तो लावल्यावर दिवा लाल होतो की लगेच हिरवा, हे घरी बघून ठेवावं. अर्धी रिकामी बॅटरी लावूनही दिवा पहिल्या क्षणापासून हिरवाच राहत असेल, तर चार्जरमधून बॅटरीत काहीच जात नाही. मग बॅटरीच्या सेलआधी चार्जिंगची पिन, फ्यूज आणि चार्जर तपासायला सांगावं.